तगादा नव्हे, दुसरे पत्र

पेढीवर बसणाऱ्या माणसाला स्मरणपत्र नवीन नसते. उधारी थकली की आठ दिवसांनी एक ओळ, पंधरा दिवसांनी दुसरी, महिन्याने जरा कडक शब्दांत तिसरी, हा क्रम आपल्या हाताच्या वळणाचा झालेला असतो. याच वळणाने आपण एके ठिकाणी हमखास चुकतो. जागा भाड्याने देण्याची जाहिरात पाहून आपण मालकाकडे चौकशी करतो, चार-पाच दिवस उत्तर येत नाही, आणि मग उधारी मागावी त्या सुरात आपण त्याला लिहितो. तगादा येणे असलेल्या रकमेचा करावयाचा असतो. जागेच्या मालकाकडे आपले काहीच येणे नसते; उत्तर देण्यासही तो बांधलेला नसतो. म्हणून दुसऱ्या पत्राचे प्रयोजनच निराळे असते. पहिल्या पत्रात जे राहून गेले, ते पुरविणे हे त्याचे काम. हे मला माझ्या पुतण्याच्या एका प्रसंगात नीट उमगले. तो प्रसंगच येथे सांगतो.

पुतण्याची पुण्यात स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांची लहानशी घाऊक पेढी आहे. ज्या गोदामात त्याचा माल राहत असे, त्याचा करार ३० सप्टेंबरला संपत होता आणि मालकाला ती जागा स्वतःसाठी हवी होती. भांड्याच्या व्यापाऱ्याला या तारखेचा अर्थ सांगावयास नको. धनत्रयोदशीचा माल दसऱ्यापूर्वी उतरून घ्यावा लागतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत त्याच्यापाशी छप्पर उरणार नव्हते. जुलैअखेर एका संकेतस्थळावर त्याला उरुळी देवाची येथील एका गाळ्याची जाहिरात दिसली. बाराशे चौरस फूट, भाडे २४,००० रुपये, सहा महिन्यांची अनामत, टेम्पो दारापर्यंत येण्याची सोय. गुरुवारी, १ ऑगस्टला, त्याने जाहिरातीखालील बटण दाबून चौकशी पाठविली. सोमवार उजाडला तरी उत्तर नव्हते.

सोमवारी रात्री त्याने मला दुसरा मजकूर दाखविला: ‘चार दिवस झाले, आपण मेसेज पाहिला आहे, उत्तर नाही. गाळा द्यायचा आहे की नाही ते उद्यापर्यंत कळवा, नाहीतर आम्ही दुसरीकडे पाहू.’ मी त्याला म्हटले, “हा मजकूर राहू दे. तू गुरुवारी काय पाठविलेस, ते आधी दाखव.”

गुरुवारी त्याने स्वतःचे असे काहीच पाठविले नव्हते. बटण दाबले की संकेतस्थळ स्वतःच एक तयार वाक्य मालकाकडे पाठविते: मला आपल्या मालमत्तेत रस आहे, कृपया संपर्क साधावा. खाली नाव आणि फोन नंबर. त्या दिवशी ज्यांनी ज्यांनी ते बटण दाबले, त्या सर्वांचे हेच वाक्य मालकाच्या फोनवर जाऊन पडले असणार. त्यांत निम्मे दलालही असू शकतात. ते मालकाची जागा आपल्या यादीत घेण्यासाठी हेच बटण दाबतात. अशा ढिगातून मालकाने माझ्या पुतण्यालाच का निवडावे, याचे एकही कारण पुतण्याने दिले नव्हते.

मालकाच्या मौनाची कारणे बहुधा तीन असतात. पहिले हेच की आपली चौकशी इतरांहून वेगळी ओळखू येत नाही. दुसरे असे की जागा अजून मोकळी झालेली नसते किंवा भावाभावांत निर्णय झालेला नसतो. मालकाजवळ देण्यासारखे उत्तरच नसते. तिसरे कारण म्हणजे जागा केव्हाच दिली गेली आणि जाहिरात काढावयाची राहून गेली. कोणते कारण असावे, याचा थोडाबहुत अंदाज दुसरे पत्र लिहिण्यापूर्वी घेता येतो. जाहिरात पुन्हा उघडून पाहावी. बहुतेक संकेतस्थळांवर ती केव्हा टाकली वा केव्हा बदलली, ते दिलेले असते. दोन-तीन महिने तिला हात लागलेला नसेल, तर तिसऱ्या कारणाचा संभव अधिक. तोच फोटो दुसऱ्या नावाने, दुसऱ्या भाड्याने आणि वेगळ्या नंबरासह दिसला, तर ती दलालाची किंवा फसवणुकीची जाहिरात असू शकते. पुतण्याच्या गाळ्याची जाहिरात आठच दिवसांपूर्वीची होती आणि तिच्यात शनिवारी एक नवा फोटो जोडलेला दिसत होता. म्हणजे मालक जागा होता, जाहिरात पाहत होता. आपल्याला मात्र लिहीत नव्हता. एवढ्यावरून पहिले किंवा दुसरे कारण धरून लिहावयाचे, हे ठरले.

मग आम्ही दोघांनी बसून पुढील पत्र तयार केले आणि मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास ते मालकाच्या नंबरावर पाठविले.

‘सविनय नमस्कार. आपल्या उरुळी देवाची येथील १२०० चौरस फुटांच्या गाळ्यासंबंधी (भाडे २४,००० रुपये) मी गुरुवार, १ ऑगस्ट रोजी संकेतस्थळावरून चौकशी केली होती. तीत माझ्याविषयी काहीच लिहिले नव्हते, म्हणून हे पत्र.

माझी पुण्यात स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांची घाऊक पेढी आहे. गाळा केवळ माल ठेवण्यासाठी हवा आहे. माल खोक्यांत बांधलेला असतो. रसायने, रंग, तेल असे काहीही ठेवणार नाही. आठवड्यातून दोनदा टेम्पो येईल, तोही दिवसा. रात्री गाळ्यात कोणीही मुक्कामास राहणार नाही.

जागा १५ सप्टेंबरपासून तीन वर्षांसाठी हवी आहे. जाहिरातीतील भाडे व अनामत आमच्या हिशेबात बसते. करार नोंदणीकृत करू. त्याचा खर्च मी देईन.

शनिवार, १० किंवा रविवार, ११ ऑगस्ट रोजी येऊन जागा पाहता येईल का? “शनिवार” किंवा “रविवार” एवढे कळविले तरी पुरे. जागा दिली गेली असल्यास “दिली” एवढेच कळवावे, म्हणजे मी पुन्हा त्रास देणार नाही.’

खाली पूर्ण नाव, पेढीचे नाव व पत्ता आणि फोन नंबर.

पत्राची भाषा नम्र आहे, परंतु केवळ नम्रतेने ते साधले असते असे मला वाटत नाही. प्रत्येक परिच्छेद मालकाच्या मनातील एकेका प्रश्नासाठी घातलेला आहे, ते जरा उलगडून सांगतो.

पहिल्या परिच्छेदात जागा, तिचे आकारमान, भाडे आणि आपल्या चौकशीची तारीख आहे. एकाच मालकाचे तीन गाळे असू शकतात, आणि ‘त्या जागेचे काय झाले’ असे लिहिले तर त्याला मागचे संदेश धुंडाळावे लागतात. तो धुंडाळीत नाही. पत्र बाजूला ठेवतो. ‘आपण उत्तर दिले नाही’ हे वाक्य येथे मुद्दाम वगळले आहे. पाच दिवसांचा हिशेब तारखेवरून त्याला आपोआप कळतो. उणीव आपल्या चौकशीत होती असे लिहिले, आणि ते खरेही होते. त्यामुळे उशिरा उत्तर देण्याचा संकोच मालकाला उरत नाही. फोनवरील दोन निळ्या खुणा पाहून ‘आपण वाचले आहे’ असे लिहिणे तर कटाक्षाने टाळावे. वाचून उत्तर न देणारा माणूस पकडला गेल्यासारखा होतो, आणि पकडला गेलेला माणूस अधिकच गप्प बसतो.

दुसरा परिच्छेद गाळ्याच्या मालकाला सर्वांत महत्त्वाचा. राहत्या घराचा मालक कुटुंबात किती माणसे आहेत ते विचारतो. गोदामाचा मालक माल कोणता, आग लागण्याजोगा आहे का, गाडी केव्हा येणार आणि रात्री आत कोण झोपणार, हे विचारतो. २०१९ साली याच उरुळी देवाचीत कापडाच्या दुकानाला पहाटे आग लागली आणि आत झोपलेले पाच कामगार दगावले. अशा घटनेनंतर त्या भागातील कोणत्याही मालकाच्या मनात हा प्रश्न असणार, हे उघड आहे. तो विचारण्यापूर्वीच उत्तर दिले, तर आपण त्याच्या जागेचा विचार केला आहे हे त्याला दिसते. अर्थात जे पाळावयाचे नाही, ते लिहू नये. कामगार रात्री राहणार असतील तर तसे सांगून त्यांची सोय वेगळी मागावी.

तिसऱ्या परिच्छेदात मुदत, आरंभाची तारीख आणि व्यवहाराची तयारी आहे. पुतण्याला येथे ‘भाड्यात काही कमी होईल का’ असे लिहावयाचे होते. ते मी काढावयास लावले. ज्याने अजून होकारही दिलेला नाही, त्याच्याशी घासाघीस कसली? परंतु ‘भाडे मान्य आहे’ असेही लिहिले नाही, कारण जागा न पाहता मान्यता देऊन टाकणे हे व्यापाऱ्याचे लक्षण नव्हे. ‘हिशेबात बसते’ या शब्दांत मालकाला भरवसा मिळतो आणि आपला हातही मोकळा राहतो.

करार नोंदविण्याच्या खर्चाविषयी पुतण्या थबकला होता. त्याला आकडा काढून दाखविला. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि परत मिळणाऱ्या अनामतीवरील दरसाल दहा टक्के व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का पडते. तिन्ही वर्षे हेच भाडे धरले, तर भाड्याचे ८,६४,००० रुपये. १,४४,००० रुपये अनामतीवरील तीन वर्षांचे व्याज ४३,२०० रुपये. बेरीज ९,०७,२०० रुपये, आणि तिचा पाव टक्का २,२६८ रुपये. नोंदणी शुल्क व लिहिणाऱ्याची फी वेगळी, पण एवढ्या व्यवहारात तीही जड नाही. एवढ्या खर्चात मालकाची जबाबदारी आपण उचलतो, आणि करार कायदेशीर झाल्याने आपलीही पायरी पक्की होते.

शेवटचा परिच्छेद उत्तर सोपे करण्यासाठी आहे. ‘आपणांस केव्हा सवड आहे ते कळवावे’ असे लिहिले की मालकाला आपला आठवडा चाळावा लागतो. दोन दिवस पुढे ठेवले की एक शब्द पुरतो. आणि नकाराचाही एक शब्द त्याच्या हाती द्यावा. नाही म्हणणे अवघड जाते म्हणून गप्प बसणारी माणसे आपल्या समाजात थोडी नाहीत. त्यांना ‘दिली’ लिहावयास जड जात नाही. आपल्यालाही नकार लवकर कळणे हे उत्तर न कळण्यापेक्षा कितीतरी बरे. पुतण्याच्या ३० सप्टेंबरला एकेक दिवस मोलाचा होता.

बुधवारी रात्री उत्तर आले. ‘रविवार. पण चारनंतर या.’

रविवारी दोघे गेलो. साठीचे गृहस्थ, बोलावयास मोकळे. त्यांनी आपण होऊनच सांगितले की पहिल्या आठवड्यात त्यांना एकाच वाक्याच्या तेरा चौकशा आल्या होत्या, आणि फोन केला की पलीकडे बहुधा दलाल निघे. म्हणून त्यांनी फोन करणेच सोडले होते. पूर्वीच्या भाडेकरूने गाळ्यात चार माणसे रात्रीची ठेवली होती आणि आतच स्टोव्ह पेटे. तो अनुभव त्यांना नको होता. याहून महत्त्वाची गोष्ट त्यांनी नंतर सांगितली. गाळा त्यांच्या आणि नागपूरला असलेल्या धाकट्या भावाच्या संयुक्त नावाचा होता. आमचे पत्र त्यांनी जसेच्या तसे भावाला पुढे पाठविले आणि त्याचा होकार आल्यावरच आम्हाला लिहिले.

हे माझ्या ध्यानात आले नव्हते. आपले पत्र ज्याला पाठवितो तो एकटाच वाचतो, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते भावाला, मुलाला, हिशेबनिसाला दाखविले जाते. म्हणून दुसरे पत्र आपल्यापुरते पुरे असावे. मागील कोणताही संदेश न वाचलेल्या माणसालाही ते एका वाचनात कळावे. तो रागाचा मजकूर नागपूरला गेला असता, तर धाकट्या भावाने काय म्हटले असते, याची कल्पना करावी.

पावसात जागा पाहिली हेही बरे झाले. मागची भिंत खालून ओल धरीत होती. भांड्याला ओलीचे भय नाही, परंतु खोक्यांना आहे. मालकाने ती दुरुस्त करून देण्याचे कबूल केले, ते करारात लिहून घेतले, आणि भाड्याची बोलणी तेथे समोरासमोर, चहा घेत झाली. हजार रुपये उतरले.

आता या मार्गाच्या मर्यादाही सांगावयास हव्यात. दुसऱ्या पत्रालाही उत्तर येत नाही, असे पुष्कळदा घडते. त्यानंतर तीन दिवसांनी एकच फोन करावा, सकाळी अकरा ते एक किंवा सायंकाळी पाचनंतर. जेवणाच्या आणि विश्रांतीच्या वेळी नव्हे. उचलला नाही तर पुन्हा लावू नये, त्या जागेचा विषय मनातून मिटवावा. म्हणजे पहिली चौकशी, चार-पाच दिवसांनी हे पत्र, आणि एक फोन. यापलीकडे चौथा प्रयत्न नाही. या काळात इतर दोन जागांची चौकशी चालू ठेवावी. पुतण्याने उंड्री आणि वाघोली येथील दोन गोदामे त्याच आठवड्यात पाहिली होती, आणि म्हणूनच त्याला उरुळीच्या मालकाला शांतपणे लिहिता आले. एकाच जागेवर मन अडकले की पत्रात अधीरता उतरतेच.

सावधगिरीची आणखी एक गोष्ट. मौन बाळगणाऱ्या मालकापेक्षा फार तत्पर मालकाचे भय अधिक. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका जाहिरातीच्या चौकशीला पुतण्याला पाच मिनिटांत फोन आला. बोलणारा आपण सैन्यात आहोत, बदली झाली आहे, जागा पाहावयाची असेल तर गेटपाससाठी पाच हजार रुपये आधी भरा, ते लगेच परत मिळतील, असे सांगत होता, आणि त्याने क्यूआर कोडही पाठविला. ही फसवणूक आता जुनी झाली आहे, तरी माणसे अजून तीत सापडतात. यूपीआयचा पिन पैसे देताना टाकावा लागतो. घेताना कधीच नाही. जागा डोळ्यांनी पाहिल्यावाचून, आणि मालकाचे नाव इंडेक्स-२ वर किंवा मालमत्ता कराच्या पावतीवर ताडून पाहिल्यावाचून, टोकन म्हणूनही एक रुपया देऊ नये. जो खरा मालक असतो, त्याला हा कागद मागितल्याचा राग येत नाही.

पुतण्याचा माल १७ सप्टेंबरला नव्या गाळ्यात उतरला. त्याच्या फोनमध्ये ते पत्र अजून आहे. गेल्या महिन्यात दुकानासाठी आणखी एक जागा पाहताना त्याने पहिली चौकशीच त्या नमुन्यावर लिहिली, नाव, माल, मुदत आणि दोन तारखांसह. दुसऱ्या पत्राची वेळच आली नाही.